हरलेल्या संध्याकाळी काय बोलायचं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी मला विचारलं, "तू सॉफ्टवेअरवर बोलणार ना?" मी म्हटलं, "नको, जेवणाआधी लोकांना झोप नको यायला." म्हणून फुटबॉलवर बोलते. आपल्या शाळेत मुलींना खो-खो होता, फुटबॉल नव्हता, त्यामुळे सर, तुम्ही चकित झालात तर चालेल. लेकीला मैदानावर सोडायला जाता जाता मी रेषेबाहेर उभी राहू लागले, मग शंकू मांडू लागले, मग प्रशिक्षकाचा सुरुवातीचा कोर्स केला. आज पुण्यात सतरा ते बावीस वयाच्या अठरा मुलींचा संघ मी शनिवार-रविवारी सांभाळते. गेल्या मोसमात हा संघ पहिल्या विभागातून दुसऱ्या विभागात घसरला. त्या संध्याकाळी मी मुलींशी जे बोलले, ते आज सांगणार आहे.

आधी गणित. दहा संघ, प्रत्येकी नऊ सामने, शेवटचे दोन संघ खाली. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. आठ सामन्यांनंतर आमचे सहा गुण होते. आमच्या वरच्या संघाचे नऊही सामने संपून आठ गुण झाले होते. म्हणजे शेवटचा सामना जिंकला तर नऊ गुण आणि आम्ही वाचलो. बरोबरीसुद्धा उपयोगाची नव्हती.

सत्तर मिनिटांच्या सामन्यात छासष्टाव्या मिनिटापर्यंत १-१ होतं. मग उजवीकडून उंच चेंडू आला. आमची गोलकीपर पुढे आली, चेंडू हातात आला आणि निसटला. समोरच्या मुलीने तो जाळ्यात ढकलला. १-२. चार मिनिटांनी शिट्टी वाजली.

तुम्हाला वाटेल, आता प्रशिक्षकाने जोरदार भाषण करायचं. मी एकदा केलं होतं. मोसमाच्या मध्यावर एक सामना हरल्यावर मी मुलींना गोल बसवून विचारलं, "कुठे चुकलं?" पाच मिनिटांत एकीने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीने तिसरीचं. आमची डावी बचावपटू रडत घरी गेली आणि दोन आठवडे सरावाला आली नाही. प्रश्न वाईट नव्हता, वेळ वाईट होती. दमलेल्या, दुखावलेल्या माणसाला कारण विचारलं की तो कारण देत नाही, नाव देतो. ऑफिसमध्ये रात्री सर्व्हर बंद पडला तर आम्ही आधी तो सुरू करतो. का पडला ही बैठक दोन दिवसांनी, झोप झाल्यावर. हे मला वीस वर्षं माहीत होतं, पण मैदानावर आठवलं नव्हतं.

या वेळी मैदानाच्या कडेला लिंबाखाली सगळ्या बसल्या. गोलकीपर सगळ्यांकडे पाठ करून हातमोजे काढत होती. मी आधी सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. मग उभी न राहता खाली बसले आणि बोलले ते साधारण असं:

"आपण खाली गेलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या विभागात खेळायचंय. हे मी आत्ताच सांगते, म्हणजे घरी जाताना कुणी फोनवर गुणतक्ता उघडून आशा शोधत बसणार नाही.

"आज कुणाची चूक, हे आज बोलायचं नाही. माझी एक सांगते, कारण ती मला माहीत आहे. पाच बदली खेळाडू उतरवायची परवानगी होती. तीन जणी माझ्या शेजारी बसून होत्या. मी एकीलाही उतरवलं नाही. शेवटचा चेंडू आला त्या बाजूची आपली मुलगी छासष्ट मिनिटं पळत होती. तिला आडवं जाता आलं नाही, म्हणून तो चेंडू मोकळा आला. गोलकीपरच्या हातातून निसटला ती शेवटची कडी. साखळी माझ्यापासून सुरू झाली.

"काहींना पहिल्या विभागातले संघ बोलावतील. जायचं असेल तर जा, मला सांगून जा, मी चिठ्ठी देईन. राहायचं असेल तर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सहाला इथेच या. बूट आणू नका, खेळणार नाही. आज घरी जाऊन जेवा."

बस. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"पुढच्या वर्षी आपण परत वर येऊ" असं मी म्हटलं नाही. कोण राहणार हेच माहीत नसताना ते वचन खोटं ठरलं असतं, आणि मुलींना ते कळतं. इंग्लंडमधला न्यूकॅसल युनायटेड २४ मे २००९ रोजी ॲस्टन व्हिलाकडून ०-१ हरला आणि प्रीमियर लीगमधून खाली गेला. जुलैमध्ये लेटन ओरिएंट या छोट्या संघाने सराव सामन्यात त्यांना ६-१ हरवलं. त्यानंतर खेळाडूच एकत्र बसले आणि कुणाला राहायचंय, कुणाला नाही, हे तोंडावर बोलले. पुढच्या मोसमात घरच्या मैदानावर एकही लीग सामना न हरता, १०२ गुणांनी ते वर आले. आमचा आणि त्यांचा काही मेळ नाही. पण आधी माणसं मोजायची, मग ध्येय ठरवायचं, हा क्रम मला तिथून मिळाला.

त्या गुरुवारी चौदा जणी आल्या. तिघी दुसरीकडे गेल्या, एकीचं लग्न ठरलं. गोलकीपर सर्वांत शेवटी आली आणि गेटजवळच उभी राहिली. मी नऊ सामन्यांची वही उघडली. आम्ही पंधरा गोल खाल्ले होते, त्यातले आठ शेवटच्या पंधरा मिनिटांत. तीन बरोबऱ्यांपैकी दोन सामन्यांत आम्ही पासष्टाव्या मिनिटापर्यंत पुढे होतो. ते दोन जिंकलो असतो तर चार गुण वाढून दहा झाले असते. म्हणजे आम्ही शेवटच्या सामन्याआधीच वाचलो असतो, आणि तो निसटलेला चेंडू कुणाला आठवलाही नसता.

मी आकडे वाचत असताना गोलकीपर गेटजवळून आत येऊन बसली. तिने एकच प्रश्न विचारला, "ताई, मी पुढे यायला नको होतं का?" मी म्हटलं, "यायलाच हवं होतं. पण 'माझा!' असं ओरडली नाहीस, म्हणून आपलीच मुलगी तुझ्या अंगावर आली." हे तिला त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर तो आरोप झाला असता. बारा दिवसांनी तो सराव झाला.

आता आमचे दोन नियम आहेत. पन्नासाव्या मिनिटापर्यंत दोन ताज्या खेळाडू मैदानात, गुणफलक काहीही असो. माझी हिंमत होत नाही म्हणून हे काम मी उपकर्णधाराकडे दिलंय. ती घड्याळ बघते आणि मला विचारत नाही. दुसरा, दर सरावात शेवटची पंधरा मिनिटं, पाय जड झाल्यावर, उंच चेंडूंचा सराव. गोलकीपरचा आवाज आता रस्त्यापर्यंत जातो.

नवा मोसम पुढच्या महिन्यात सुरू होतोय. वर येऊ की नाही, माहीत नाही. सर, खो-खोत हरल्यावर तुम्ही आम्हाला काही न बोलता चिक्की वाटायचात आणि सोमवारी बोलायचात. तेव्हा वाटायचं, सरांना राग येत नाही. सोमवार का, ते कळायला मला सत्तेचाळीस वर्षांची व्हावं लागलं.