किलोच्या किती भाकरी?

(आरोग्य शिबिरातलं भाषण, आकाशवाचनासाठी थोडं आटोपशीर केलेलं)



वजन झालं, रक्तदाब झाला, बोटातून रक्त काढून साखर बघून झाली. आता कागद हातात घेऊन तुम्ही बसला आहात आणि पुष्कळ जणींचा प्रश्न एकच आहे : डॉक्टर म्हणतात जेवण बेतानं घ्या, नाही तर म्हणतात जेवण वाढवा. पण किती? आमच्या घरी काही तराजू नाही!

तराजू लागत नाही. आपल्या घरात जे मोजून येतं, म्हणजे दळण, तेलाची पिशवी, साखर, त्यावरूनच ताटाचा हिशोब निघतो. तोच आज करू या.

आधी कॅलरी म्हणजे काय ते एका वाक्यात. पुस्तकात याला उष्मांक म्हणतात. चुलीला जसं जळण, तसं अंगाला अन्न, आणि त्या जळणाचं माप म्हणजे कॅलरी. कामापेक्षा जळण कमी पडलं तर अंग झिजतं, जास्त झालं तर चरबी होऊन साठतं.

आता भाकरीकडे येऊ. एक भाकरी किती कॅलरीची, असं विचारलं तर सांगता येत नाही, कारण प्रत्येकीची भाकरी वेगळी. पण एक किलो पिठाच्या किती भाकरी होतात, हे विचारलं तर तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, कुठलंही धान्य घ्या, एका किलोत साधारण ३,४०० कॅलरी असतात. तुमच्या किलोभर पिठाच्या १२ भाकरी होत असतील, तर ३,४०० भागिले १२, म्हणजे एक भाकरी २८० च्या आसपास. शेजारणीच्या १६ होत असतील, तर तिची भाकरी २१० ची. म्हणून "मी दोन भाकरी खाते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तीस चपात्या होत असतील तर चपाती ११५ ची, आणि वर लावलेलं तेल वेगळं.

पीठ नेहमी कोरडं मोजायचं. शिजल्यावर त्यात पाणी शिरतं आणि अंदाज चुकतो. भाताचं तेच. वाटीभर तांदळाचा जवळजवळ तीन वाट्या भात होतो. म्हणून ताटातल्या वाटीभर भाताला तांदळाचा हिशोब लावला, तर आकडा तिप्पट निघतो.

आणि वाटी म्हणजे तरी कुठली? घरी गेल्यावर एक लिटरची पाण्याची बाटली भरा आणि आपल्या रोजच्या वाटीनं ती रिकामी करा. सात वाट्या झाल्या तर वाटी दीडशे मिलीची. पाचच झाल्या तर ती दोनशेची, मोठी. आज आपण दीडशेची वाटी धरू. अशी एक वाटी भात म्हणजे १३० कॅलरी. पातळ आमटीची वाटी ८० ची. दोन चमचे साखर घातलेला कपभर चहा ८० चा, त्यातली निम्मी साखरेची.

आता तेल. ताटात हे दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त जळण यातच. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. पण भाजीला तेल आपण चमच्यानं कुठे घालतो? धार सोडतो. मग महिन्याचा हिशोब करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर दिवसाला १६७ ग्रॅम, माणशी ३३ ग्रॅम. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात दिवसाला ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या, एका भाकरीपेक्षा जास्त. बाईला तिच्या कामाप्रमाणे दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरतं.

हा माणशी हिशोब करताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. तेल सगळ्यांना सारखं मिळत नाही. तर्री वर असते, ती आधी वाढलेल्याच्या ताटात जाते. शेवटी जेवणारीच्या वाट्याला बुडाचा पातळ रस्सा येतो. घराचा हिशोब बरोबर आला, तरी तिचा बरोबर येईलच असं नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. सासू साठीच्या पुढची, साखर आहे, गुडघे दुखतात म्हणून घरीच. सून दिवसभर खुरपायला जाते. किलोच्या बारा भाकरी होणारं घर. सासूबाई म्हणतात, "मी दिवसाला दोनच भाकरी खाते, तरी वजन वाढतंय. सून साडेतीन खाते आणि वाळलेलीच." ऐकणाऱ्याला वाटेल, सुनेच्या अंगाला लागत नाही. दोघींची ताटं मोजू.

सुनेचे दोन चहा, १६०. सकाळी एक भाकरी आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी, ३३०. दुपारी शेतात दीड भाकरी आणि कोरडी भाजी, ५२०. रात्री सगळ्यांच्या मागून एक भाकरी, वाटीभर भात, आमटी आणि उरलेली भाजी, ५५०. बेरीज १,५६०.

आता सासूबाई. चार चहा, ३२०. सकाळी बशीभर पोहे, त्यात तेल आणि शेंगदाणे, ३२०. दुपारी एक भाकरी, भाजी, वाटीभर भात, आमटी, ५९०. रात्री पुन्हा तेच, ५९०. आणि संध्याकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं, ९०. बेरीज १,९१०.

भाकरी दोनच, पण जळण सुनेपेक्षा साडेतीनशेनं जास्त. भाकरी मोजली, बाकीचं मोजलंच नाही.

आता गरज बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतातल्या माणसांसाठी आकडे ठरवून दिले आहेत. ५५ किलो वजनाच्या बाईला बसून काम असेल तर दिवसाला १,६६०, मध्यम कष्टाचं काम असेल तर २,१३० आणि ऊसतोडीसारखं जड काम असेल तर २,७२० कॅलरी लागतात. साठीपुढच्या, फार हालचाल नसलेल्या बाईला १,५०० च्या आसपास पुरतात. म्हणजे आपल्या सासूबाई रोज ४०० नं जास्त आहेत आणि सून, खुरपणी मध्यम कष्टाची धरली तरी, पावणेसहाशेनं कमी. दोन भाकऱ्यांची तूट, रोजची. ती अंगातूनच भरून निघते. चालताना दम लागतो, पायात गोळे येतात, पाळी पुढेमागे होते, आणि आपण म्हणतो, उन्हाचा त्रास.

सुनेची तूट कशी भरायची? नुसती भाकरी वाढवायची नाही, कारण डाळ-उसळ तिच्या ताटात आधीच कमी आहे. शेतात जाताना मूठभर शेंगदाण्याचा गूळ घातलेला लाडू, २२५. दुपारच्या डब्यात वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, १५०. आणखी अर्धी भाकरी, १४०. आणि रात्रीची भाजी उरली तर नव्हे, आधी तिच्यासाठी काढून ठेवलेली, म्हणजे ४० वाढले. झाले ५५५. बेरीज २,११५. तूट भरली. यात विकत आणायचं म्हणून फारसं काही नाही.

सासूबाईंचे ४०० कसे कमी करायचे? चारही चहा बिनसाखरेचे, १६० गेले. बिस्किटं बंद, ९० गेले. रात्रीचा भात बंद, १३० गेले. एकूण ३८०. भाकरीला हात लावला नाही, पोट रिकामं राहिलं नाही. भाताच्या जागी ताटात काकडी, मुळा, मेथी, पालेभाजी जास्त घ्यायची. अर्धं ताट भाज्यांनी भरलं की भूकही भागते आणि कॅलरी थोड्याच जातात. फक्त त्या पालेभाजीवर तेलाची धार नको.

इथे एक इशारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण एकदम कमी करू नका, एखादं जेवण टाळू तर मुळीच नका. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं, तर रक्तातली साखर खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि दवाखाना गाठायचा. म्हणून ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते औषधाचं माप बघतील. गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने ६००. त्यांनी काही कमी करायचं नाही.

हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. पाच-पन्नास इकडेतिकडे होणारच. अंदाज बरोबर की चूक, हे वजनकाटा सांगतो. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, काही खाण्याआधी वजन करा. सुनेचं वजन दोन-तीन महिन्यांत थोडं वाढलं किंवा निदान घसरायचं थांबलं, तर हिशोब जमला. सासूबाईंचं महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. काही न बदलता वजन झपाट्यानं उतरत असेल, तर तो ताटाचा प्रश्न नाही, तपासणी करून घ्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं तीन आकडे आणायचे : आपल्या किलोच्या भाकरी किती, बाटलीभर पाण्यात आपल्या वाट्या किती आणि महिन्याला तेल किती किलो. भागाकार आपण तिथे मिळून करू. आणि त्याबरोबर हेही सांगायचं, की काल रात्री तुम्ही जेवायला बसलात तेव्हा पातेल्यात भाजी किती उरली होती.