‘टळतो’ की ‘टळत असावा’?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात 1991 साली असं दिसलं, की रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जवळपास निम्मं होतं.

मग शोधनिबंधाच्या चर्चा विभागात ‘इस्ट्रोजेनमुळे हृदयविकार टळतो’ असं लिहावं का? नाही. हा निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास; गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच तब्येत जपणाऱ्या असू शकतात. म्हणून ‘संबंध आढळला, संरक्षण मिळत असावं’, एवढंच.

पुढे 16,608 स्त्रियांचे यादृच्छिक गट पाडून इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी झाली. धोके फायद्यांहून जास्त दिसल्यानं ती 2002 मध्ये थांबवली गेली. हृदयविकार घटला नव्हता, उलट किंचित वाढला होता.

अशा चाचणीनंतर ‘असावं’ गाळता येतं. मात्र निष्कर्ष त्याच औषधांपुरता आणि त्याच वयोगटापुरता लिहावा.