हिंदूराव आणि पाच मिनिटांचं स्वागत

मी दिल्लीत हिंदूरावजवळ राहते. मागच्या दोन गणपतींना मुलीकडे इंग्लंडला होते आणि दोन्ही वर्षी तिथल्या मंडळाचं स्वागताचं भाषण माझ्या वाट्याला आलं. मंडळ लहान, शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. अट एकच होती, थोडं मराठीत बोला, थोडं इंग्रजीत.

पहिल्या वर्षी मला वाटलं, यात काय अवघड आहे? मराठीत एक परिच्छेद लिहिला, खाली त्याचाच इंग्रजी अर्थ. घरी वाचून पाहिलं ते फक्त मराठी, चार मिनिटं झाली. हॉलमध्ये नऊ लागली. मी मराठीत बोलायला लागले की जावई-सुना आणि शेजारी मोबाइल काढायचे, इंग्रजीत बोलायला लागले की आजी-आजोबा आपापसात बोलायला लागायचे. विनोदाला मराठीत लोक हसले. तोच इंग्रजीत सांगितला तेव्हा कुणीच हसलं नाही. ज्यांना कळणार होता त्यांनी तो आधीच ऐकला होता आणि बाकीच्यांना मघाशी लोक का हसले तेच विचारायचं होतं. आरतीला उशीर झाला तो वेगळाच.

दुसऱ्या वर्षी भाषांतर सोडून दिलं. आधी मुलीला विचारलं, समोर कोण कोण असेल? आजी-आजोबा, त्यांची मुलं, मराठी कळतं पण बोलत नाहीत अशी नातवंडं, आणि अजिबात मराठी न येणारे दहाबारा पाहुणे. मग कामं वाटून दिली. न कळल्यानं ज्याची पंचाईत होईल ते सगळं इंग्रजीत: चपला कुठे काढायच्या, आग लागली तर दार कुठलं, मोदकात सुकामेवा आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. नात्याचं, मानाचं ते मराठीत. यातलं काहीही दोनदा सांगायचं नाही.

सुरुवात मराठीतच, पण तीनच वाक्यं. वडीलधाऱ्यांना नमस्कार, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्यांची आठवण, आणि "आता मी पाहुण्यांशी बोलते हं" असं सरळ सांगणं. हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. आजी रुसत नाहीत, त्यांनाही यजमान असल्यासारखं वाटतं. मग पाहुण्यांना आरतीचा अर्थ सांगत बसले नाही, काय करायचं ते सांगितलं: "व्हेन द आरती बिगिन्स, प्लीज स्टँड अँड क्लॅप विथ अस. यू डोन्ट नीड टू नो द वर्ड्स. हाफ ऑफ अस डोन्ट." सगळा हॉल हसला, नातवंडं सगळ्यात जास्त.

पाहुण्यांची नावं मी आधी त्यांच्याच तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घेतली होती. आपल्या नावाचा कुणी चुथडा केला की आपल्याला कसं वाटतं, ते तिथं सगळ्यांना माहीत असतं. आणि एकाच वाक्यात दोन भाषांची खिचडी टाळली. "सगळ्यांनी प्रोग्राम एन्जॉय करा" हे घरात चालतं. मंचावरून ते ना आजींना धड, ना पाहुण्यांना.

मधे एक गोष्ट हवी होती. मी आमच्या हिंदूरावांची सांगितली, आणि मुद्दाम इंग्रजीत, कारण ती सगळ्यांनाच नवी असणार होती. दिल्लीत रिक्षावाल्याला हिंदूराव म्हटलं की तो टेकडीवरच्या हॉस्पिटलकडे नेतो. हा हिंदूराव कोण, हे तिथं क्वचितच कुणाला ठाऊक असतं. हिंदूराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. दिल्लीत इंग्रजांचा विल्यम फ्रेझर नावाचा अधिकारी होता, 1835 साली त्याचा खून झाला, आणि रिजवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. 1857 च्या वेढ्यात त्या घरात इंग्रजांची मोक्याची चौकी होती, तेव्हाही नाव हिंदूरावांचंच. पुढं तिथं हॉस्पिटल झालं. खालच्या वस्तीला आजही बाडा हिंदूराव म्हणतात. माझ्या मराठी कानाला तो वाडाच ऐकू येतो, पण ते आपलं माझं.

इथवर इंग्रजी. मग थांबले आणि एकच वाक्य मराठीत म्हटलं: "आणि हे घाटगे कुठले, तर आपल्या कागलचे." त्याचं भाषांतर केलं नाही. पुढच्या दोन रांगांत एकदम कुजबुज झाली. मागं बसलेल्या पाहुण्यांनी शेजारच्या मुलांना विचारलं, काय म्हणाली ती? आणि एरवी मराठी न बोलणारी ती मुलं त्यांना समजावून सांगायला लागली. भाषण पाच मिनिटांत संपलं, आरती वेळेवर झाली.

जेवताना एक आजी ताट घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "अहो, माझं माहेर कागल. दिल्लीचा हिंदूराव आमच्या गावचा, हे मला आज कळलं बघा. आणि तेही इंग्लंडात!"