शटरवर चिकटलेला कागद

तारण म्हणजे काय हे सांगत बसलो, तर पुढच्या रांगेतले व्यापारी उठून जातील. ते रोज तारणावरच झोपतात. (हशा) मिळकतीची मूळ कागदपत्रं बँकेत ठेवली की गहाण होतं, एवढं धरून चालतो आणि थेट २००२ च्या सरफेसी कायद्याकडे येतो. या कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता मिळकत विकता येते, हे खरं. पण त्यावरून ‘मग आपल्याला बोलायला जागाच नाही’ असा जो अर्थ लावला जातो, तो मला मान्य नाही. जागा आहे. फक्त ती लिलावाच्या दिवशी नसते. ती पहिल्या नोटिशीच्या साठ दिवसांत असते, आणि कर्जदार नेमके तेच दिवस दवडतो.

समजा, इचलकरंजीतल्या एका कारखानदारानं यंत्रमागाच्या शेडवर ८० लाखांचं कॅश क्रेडिट घेतलं. ९० दिवस खातं बिघडलेलं राहिलं आणि ते एनपीए झालं. बँक कलम १३(२) ची नोटीस पाठवते : सगळी थकबाकी ६० दिवसांत भरा. आपला मालक ती ड्रॉवरमध्ये टाकतो, कारण मॅनेजर ओळखीचा असतो. (हशा) खरं तर त्यानं पत्र लिहायला हवं : अमुक तारखेला भरलेले ६ लाख जमा दिसत नाहीत, दंडव्याज करारापेक्षा जास्त लावलंय. अशा पत्राला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला भाग आहे. हे बंधन मार्डिया केमिकल्सच्या खटल्यातून आलं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये कायदा कायम ठेवला. मात्र आक्षेपांचा विचार करून उत्तर द्या, असं बँकांना बजावलं आणि दाद मागण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. बँकेचं उत्तर पटलं नाही म्हणून तेवढ्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही, हेही सांगतो. मग पत्राचा उपयोग काय? पुढे ताब्याविरुद्ध दाद मागाल, तेव्हा पहिला कागद तोच असतो.

साठ दिवस सरले की ताबा. बहुतेक वेळा आधी सांकेतिक. शेडच्या दारावर सूचना चिकटते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपण भजी ठेवतो ते ‘ताबा सूचना’चं पान हेच. (हशा) माग चालू आहेत, किल्ली खिशात आहे, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली जाण्याचे ४५ दिवस तिथूनच मोजले जातात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. थकबाकी बरोबर की चूक, हे ते तपासत नाहीत. बँकेचं प्रतिज्ञापत्र पाहून ताबा मिळवून देतात. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूमही इथे चालत नाही, कलम ३४ नं तो रस्ता बंद केलाय.

आता लिलावाचा जो मुद्दा दोन मिनिटांत संपवणार होतो, तो लांबणार आहे. अध्यक्षांनी घड्याळ झाकून ठेवावं. मूल्यांकन होतं, राखीव किंमत ठरते, कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस जाते आणि लिलावाची जाहिरात निघते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं देणं भरून मिळकत सोडवण्याचा हक्क या जाहिरातीच्या प्रसिद्धीपर्यंतच आहे. ‘बोली लागेपर्यंत भरू’ हा समज जुना झाला. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात नवी मुंबईतल्या औद्योगिक भूखंडाला लिलावात सुमारे १०५ कोटींची बोली लागली. कर्जदार १२९ कोटी भरायला तयार झाला, बँक राजी झाली, मुंबई उच्च न्यायालयानं परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ते सगळं उलटवलं : जाहिरात निघाली, हक्क संपला. तिसऱ्या रांगेत कुजबुज ऐकू येतेय, की जास्त पैसे मिळत असताना नाकारायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या एका व्यवहारात बँकेचं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही. पण लागलेली बोली मागाहून मोडते असं दिसलं, तर पुढच्या लिलावात चांगला गिऱ्हाईक येईल कशाला? बोली पडेल आणि तुटीचा बोजा पुन्हा कर्जदारावरच येईल. अर्थात जाहिरातच नियम मोडून काढली असेल, तर ते भांडण वेगळं. राखीव किंमत संशयास्पद कमी असेल, तर आपला मूल्यांकन अहवाल घेऊन न्यायाधिकरणात जरूर जावं, पण वेळेत.

(अध्यक्षांची चिठ्ठी येते.) पाचच मिनिटं उरली म्हणे, त्यातली तीन चिठ्ठी वाचण्यात गेली. (हशा) भाडेकरूंचा विषय म्हणूनच सोडतो. शेवटी कुणीतरी मघाशी विचारलेलं : लिलावात पैसे उरले तर? बँकेचा खर्च आणि देणं वजा करून उरलेली रक्कम हक्कदाराला मिळते. दुसऱ्या कुणाचा बोजा नसेल, तर ती मालकाचीच. कमी पडले, तर बँक बाकीसाठी न्यायाधिकरणात जाते आणि जामीनदारालाही ओढते. तेव्हा बायकोची सही जामीनदार म्हणून घेतली असेल, तर ड्रॉवरमधली ती नोटीस आज घरी जाऊन तिलाही दाखवा.