मेटफॉर्मिन आणि पोटाची तक्रार



एका व्यापारी गृहस्थांचे उदाहरण पाहू. वय ५४, नुकतेच मधुमेहाचे निदान झालेले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या लिहून दिल्या : एक सकाळी जेवणानंतर, एक रात्री जेवणानंतर. गृहस्थांचा चौविहाराचा नियम. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. ‘रात्री’ हा शब्द वाचून त्यांनी दोन्ही गोळ्या सकाळीच, केवळ चहाबरोबर घेण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या दिवसापासून पोटात गुडगुड, तोंडास धातूसारखी चव आणि दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होऊ लागले. ‘औषध सोसत नाही’ असे ठरवून त्यांनी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी तपासणी केली असता साखर पुन्हा वाढलेली आढळली.

वास्तविक औषध त्यांना वर्ज्य नव्हते. घेण्याची रीत चुकली होती. या औषधाचा मोठा अंश आतड्यात राहतो. रिकाम्या पोटी मोठी मात्रा एकदम पोहोचली की आतडे बिथरते. अन्नासोबत तीच गोळी सावकाश शोषली जाते. म्हणून डॉक्टरांनी नव्याने आरंभ करविला : पहिला आठवडा एकच गोळी, भोजनाच्या मध्यावर; नंतर दुसरी, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत. ‘रात्री’ म्हणजे दिवसाचे शेवटचे जेवण, मग ते सायंकाळी सहाचे का असेना.

बहुतेकांची तक्रार अशा रीतीने एक-दोन आठवड्यांत शमते. या गृहस्थांचे पोट मात्र दुसरी गोळी सुरू झाल्यावर तीन आठवडे होऊनही सुधारले नाही. गोळी बदलण्याची वेळ ती हीच. डॉक्टरांनी तितक्याच मात्रेची, सावकाश विरघळणारी गोळी दिली. पाकिटावर नावापुढे एस.आर., एक्स.आर. वा ई.आर. अशी अक्षरे असतात. १००० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सायंकाळच्या भोजनासोबत. दहा दिवसांत शौच पूर्ववत झाले.

ही गोळी अखंड गिळावी. चावली वा कुटली तर सारे औषध एकदम सुटते आणि बदलाचा हेतूच नष्ट होतो. क्वचित शौचात गोळीचे रिकामे आवरण दिसते. औषध मात्र आधीच शोषले गेलेले असते, म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. नव्या गोळीनेही त्रास टिकला तर मात्रा कमी करणे वा दुसरे औषध योजणे हा निर्णय डॉक्टरांचा.

प्रत्येक जुलाब मात्र गोळीच्या माथी मारू नये. ताप, शौचात रक्त, किंवा वर्षानुवर्षे सोसलेल्या गोळीवर अचानक सुरू झालेले जुलाब यांचे कारण निराळे असू शकते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटले, तर मूत्रपिंडावर ताण पडून औषध शरीरात साचू शकते; अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. निर्जल उपवासाचा संकल्प असल्यास हेच आधी विचारून घ्यावे, आणि चिठ्ठी घेतानाच आपली भोजनाची वेळ डॉक्टरांच्या कानी घालावी.