जड पाणी, कडक टॉवेल

मोहोळ तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही धुण्याबद्दल बोलणार आहोत. विषय घरचाच आहे, पण आमच्या गटातल्या एका ताईंची कमाई त्यावर अडली होती, म्हणून तो बैठकीत आला.

या ताई एका लॉजचे टॉवेल आणि चादरी धुऊन देतात. टॉवेल आपल्या सोलापूरचेच, ज्यांना भौगोलिक मानांकन आहे ते टेरी टॉवेल. नवे असताना मऊ आणि पाणी टिपणारे. दोन-तीन महिन्यांत ते पापडासारखे कडक झाले, पांढऱ्यावर करडी झाक आली आणि मालक म्हणाले, "काम दुसऱ्याला देतो." ताई बादलीला दोन-दोन मुठी पावडर टाकत होत्या, तरी फेस धरत नव्हता. पावडर बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही.

दोष पावडरीत नव्हता, बोअरच्या पाण्यात होता. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. बंबात, पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तो त्याच क्षारांचा. साबण पाण्यात पडला की हे क्षार आधी त्यालाच धरतात आणि त्याची चिकट साय होते. पावडर साबणाइतकी वाया जात नाही, पण तिचंही बरंच बळ क्षारांवरच खर्च होतं. उरलेली साय, पावडर आणि क्षार मळासकट कपड्यात बसतात. टॉवेलच्या फुलांमध्ये, म्हणजे त्या बारीक फासांमध्ये, हा थर अडकतो आणि वाळल्यावर फास ताठ होतात. रंगीत कपड्यावर तोच थर धुळीसारखा दिसतो. म्हणून जास्त पावडर टाकली की थर वाढतो. आधी पाणी हलकं करायचं आणि मग पावडर मोजून टाकायची, हा क्रम आहे.

पाणी किती जड आहे हे घरीच कळतं. अंगाचा साबण किसून चमचाभर कीस अर्धी वाटी जारच्या पाण्यात विरघळवा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत जारचं किंवा पावसाचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दुसरीत तेवढंच बोअरचं. साबणाचं पाणी थेंब थेंब टाकत बाटली हलवा आणि फेस टिकायला किती थेंब लागले ते मोजा. आम्ही केलं तेव्हा जारच्या पाण्याला पाच थेंब पुरले, ताईंच्या बोअरला चाळीस लागले आणि वर दह्याच्या कवड्यांसारखी साय तरंगली. नेमका आकडा हवा असेल तर जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवलं आहे, त्यांना सांगा. त्या पेटीत जडपणाची तपासणी असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. ताईंचं पाणी 500 च्या आसपास निघालं.

आता हिशोब बघा. 500 मिलिग्रॅम म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. वीस लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम क्षार झाला. तो खाली बसवायला जवळजवळ तेवढाच धुण्याचा सोडा लागतो. खायचा सोडा नाही, तो इथे उपयोगाचा नाही. शंभर ग्रॅम कोरड्या सोड्याचे कागदावर दहा सारखे भाग केले की एक भाग एका बादलीचा. सोडा खड्यांचा असेल तर सुमारे तिप्पट घ्या, कारण खड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. रात्री बादलीत सोडा ढवळून झाकून ठेवा. सकाळी तळाला पांढरा गाळ दिसेल. तो न ढवळता वरचं पाणी तांब्याने काढून घ्या. ताईंच्या त्या पाण्याला मग बारा थेंबांत फेस आला. मॅग्नेशियमचा क्षार सोड्याने पूर्ण जात नाही, म्हणून पाणी जारच्या पाण्याइतकं हलकं होत नाही, पण धुण्याला पुरतं.

या पाण्याच्या बादलीला दोन सपाट मोठे चमचे पावडर टाकून ताईंनी टॉवेल अर्धा तास भिजवले. पावडर बरोबर पडली का, हे हाताला कळतं. भिजवणीचं पाणी बोटांत गुळगुळीत लागलं पाहिजे. लागलं नाही तर अर्धा चमचा वाढवा. तिसऱ्या खळबळणीतही फेस निघत असेल तर पुढच्या वेळी कमी करा. पहिली खळबळणी हलक्या पाण्यातच करा, नाहीतर कपड्यातला साबण जड पाण्याला भेटून पुन्हा साय धरतो. शेवटची साध्या पाण्यात चालते.

जे टॉवेल आधीच कडक झालेत, त्यांचा थर काढावा लागतो. ते साध्या पाण्यातून काढून पावडर घालवा. मग प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर कोमट पाणी घेऊन किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व दोन मोठे चमचे विरघळवा आणि तासभर भिजवा. नंतर खळबळून वर सांगितल्याप्रमाणे सोड्याच्या पाण्यात धुवा. लिंबूसत्त्व आणि सोडा एकत्र टाकू नका, दोघंही एकमेकांना मारतात. आणि ब्लीचिंग पावडरबरोबर लिंबूसत्त्व कधीही नको, विषारी वायू निघतो. वाळत घालण्याआधी टॉवेल जोरात झटका, म्हणजे फास उभे राहतात. मऊपणासाठी मिळणारी द्रावणं टॉवेलला लावू नका. त्यांचा थर बसून टॉवेल पाणी टिपत नाही.

रंगीत कपड्याचं आधी कोपऱ्यावर करून बघा. कोपरा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून, खळबळून वाळवा. तो बाकीच्यापेक्षा उजळ दिसला तर रंग शाबूत आहे, फक्त थर बसलाय. फरक दिसला नाही तर रंगच उडालाय आणि तो परत येत नाही.

आणखी काही गोष्टी बायका विचारतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. मीठ टाकूनही जात नाही. उकळल्याने थोडा क्षार बसतो, पण सरपण फार जातं. पावसाळ्यात पत्र्याची पन्हळ लावून पिंप भरता आलं तर ते पाणी धुण्याला सगळ्यात हलकं.

सोडा रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना नको, अॅल्युमिनियमच्या भांड्यात नको. हाताची कातडी सोलते म्हणून हातमोजे घाला, पुडी लेकरांपासून लांब ठेवा. सोड्याचं पाणी परसातल्या झाडांना घालू नका, माती खराब होते.

ताईंचं काम लॉजकडेच राहिलं आहे आणि पावडर पूर्वीच्या निम्मी लागते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या बोअरचं, नळाचं किंवा कॅनॉलचं पाणी बाटलीत घेऊन या. साबणाचे थेंब आपण एकत्रच मोजू.