हेल्मेट घेताना काय वाचायचं?

आमच्या गटातल्या एका ताईंनी स्कूटी घेतली, म्हणून आम्ही मोबाइलवर हेल्मेट पाहिलं. माहितीत लिहिलं होतं, ‘५८ सेंमी, एबीएस कवच, आयएसआय दर्जाचे’.

आधी आम्ही शिवणाची टेप घेतली. भुवयांच्या थोडं वरून डोक्याचा घेर मोजला, तो भरला ५६ सेंमी. म्हणजे हे हेल्मेट सैल झालं असतं. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून सरकतं.

एबीएस म्हणजे कडक प्लास्टिक. ते चालतं, पण पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, कमकुवत होतं.

‘दर्जाचे’ या शब्दाला मात्र आम्ही थांबलो. खऱ्या आयएसआय चिन्हावर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. इथे क्रमांकच नव्हता. मग आम्ही तालुक्याच्या दुकानातून, क्रमांक तपासून, ५६ चं घेतलं.

एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबतो, बाहेरून कळत नाही. तेव्हा हेल्मेट बदलायचंच. आपटलं नाही तरी कंपनीने दिलेली मुदत पाहायची. म्हणून आतल्या लेबलवरचा बनवल्याचा महिना ताईंनी वहीत लिहून ठेवला आहे.